शेजाऱ्याला श्रद्धांजली : तीन मिनिटांचे भाषण कसे बांधावे

सोसायटीच्या फलकावर नोटीस लागते. अमुक यांचे दुःखद निधन झाले, शोकसभा रविवारी सायंकाळी सहा वाजता, गच्चीवर. नोटीस लावून परतताना सेक्रेटरी एखाद्या दारापाशी थांबतात आणि म्हणतात, "तुमचा त्यांच्याशी घरोबा होता. शेजारी म्हणून दोन शब्द तुम्हीच बोला." अशा वेळी नाही म्हणता येत नाही. मग शनिवारी रात्री माणूस कागद घेऊन बसतो आणि पहिल्याच ओळीत 'अत्यंत मनमिळाऊ व हसतमुख व्यक्तिमत्त्व' असे लिहून अडकतो.

अडकण्याचे कारण असे, की आपल्या कानावर असलेली श्रद्धांजलीची भाषणे बहुतेक पुढाऱ्यांसाठी झालेली असतात. 7 डिसेंबर 1956 रोजी दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी आचार्य अत्रे बोलले, तेव्हा समोर जनसागर होता. बाबासाहेबांचे कार्य त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तिथे वक्त्याला सगळ्या समुदायाचे दुःख बोलून दाखवायचे होते, म्हणून भाषा मोठी असणे योग्यच होते. गच्चीवरच्या साठ माणसांसमोर तीच भाषा वापरली, तर जिना उतरताना रोज भेटणारा माणूस ओळखू येईनासा होतो. 'कधीही न भरून निघणारी पोकळी' हे शब्द कुणाच्याही फोटोसमोर चालतात, आणि म्हणूनच समोर बसलेल्या घरच्यांच्या ते मनापर्यंत जात नाहीत.

शोकसभेत बोलणाऱ्या प्रत्येकाची जागा वेगळी असते. नातेवाईक त्या माणसाचे बालपण, शिक्षण, संसार सांगतात. कचेरीतले सहकारी त्याची नोकरी सांगतात. सेक्रेटरी सोसायटीच्या वतीने शोकठराव वाचतात. शेजाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. उंबऱ्याबाहेरचा माणूस मात्र त्यानेच पाहिलेला असतो. सकाळी दूध घेताना, लिफ्ट बंद पडल्यावर, रात्री पाहुणे आले आणि साखर संपली तेव्हा तो माणूस कसा वागला, हे घरच्यांनाही माहीत नसते. म्हणून शेजाऱ्याच्या भाषणाचे काम एकच : घरच्यांना माहीत नसलेली त्यांच्या माणसाची एक गोष्ट त्यांच्या हाती देणे. हे जमले तर भाषण तीन मिनिटांचे असूनही पुरते. हे नसेल तर ते वीस मिनिटांचे होऊनही अपुरेच राहते.

ती गोष्ट शोधायची कशी, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, दुसऱ्या मजल्यावर एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहत. इमारतीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या शेजारी भाड्याने राहणारी, रात्रपाळी करणारी एक नर्स आहे. शोकसभेत तिला बोलायचे आहे. तिने आधी मनात येईल ते लिहून काढले : 'अण्णा परोपकारी होते. शिस्तप्रिय होते. पाण्याची नासाडी त्यांना खपत नसे. मला वडिलांसारखे होते.' यातले काही खोटे नाही, पण असे भाषण कोणीही कोणाबद्दलही करू शकेल.

आता प्रत्येक विशेषणापुढे एक प्रश्न लिहायचा : कशावरून? परोपकारी कशावरून? तिला आठवते, नगरपालिकेचे पाणी पहाटे यायचे आणि सातच्या सुमारास जायचे. ती घरी पोहोचायची आठला. नवी राहायला आली तेव्हा पहिले काही दिवस तिला पाणीच मिळाले नाही. मग एके दिवशी अण्णांनी तिला रिकामा ड्रम दारात ठेवायला सांगितला आणि दुसऱ्या दिवसापासून तो भरलेला असायचा. शिस्तप्रिय कशावरून? जिन्याखाली टांगलेल्या पाटीवर ते रोज खडूने पाण्याची वेळ लिहीत. नासाडी खपत नसे कशावरून? कुणाचा नळ ठिबकताना ऐकू आला, की दार वाजवत आणि शर्टाच्या खिशातून वायसर काढून तिथल्या तिथे बसवून देत. आता विशेषणांची गरजच उरली नाही. ड्रम, पाटी आणि खिशातला वायसर या तीन वस्तूंतून माणूस उभा राहतो.

यानंतर निवड करायची. तीन मिनिटांत एक प्रसंग नीट सांगता येतो आणि एखादी सवय जोडता येते. तिन्ही गोष्टी सारख्याच विस्ताराने सांगितल्या तर यादी होते. इथे ड्रमची गोष्ट मध्यभागी असावी, कारण ती दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही. वायसरची गोष्ट अनेक घरांना ठाऊक असेल, त्यामुळे ती एकदोन वाक्यांत आली की माना आपोआप हलतील. पाटी गाळली तरी चालेल, किंवा शेवटासाठी ठेवता येईल.

बोलण्याआधी एक काम मात्र टाळू नये. जो प्रसंग सांगणार, तो घरातल्या एका जवळच्या माणसाला आधी विचारावा. "मी ड्रमची गोष्ट सांगितली तर चालेल ना?" एवढे पुरते. यात कधीकधी तपशील दुरुस्त होतो, तर कधी नवा मिळतो. काकू म्हणतात, "ते पहाटे खाली जायचे ते मोटार लावायला, एवढंच मला माहीत होतं." म्हणजे ही गोष्ट घरच्यांना माहीत नव्हती, हे इथेच कळते. काही वेळा मात्र नकार येतो. कुणाला दिलेले पैसे, कुणाच्या मुलाची भरलेली फी, आजारपणातले हाल, घरातले मतभेद या गोष्टी शेजाऱ्याला ठाऊक असतात, पण सभेत सांगण्याचा अधिकार त्याला नसतो. गुपचूप केलेली मदत जाहीर करताना मदत घेणारा समोरच बसलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. नर्सचा प्रसंग सुरक्षित आहे, कारण मदत तिलाच झाली होती आणि ती स्वतःच सांगते आहे.

आता भाषण. ते असे होऊ शकेल :

"काकू, अण्णांचे सगळे कुटुंबीय आणि शेजारी मंडळी,

मी दुसऱ्या मजल्यावर, अण्णांच्या समोरच्या दारात राहते. नोकरी रात्रपाळीची, त्यामुळे तुमच्यातल्या पुष्कळांची आणि माझी भेट जिन्यातच होते. अण्णांची आणि माझी भेटही सुरुवातीला तशीच झाली.

मी इथे राहायला आले तेव्हा पाणी सातला जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आठला घरी यायचे. नळ कोरडा असायचा. पहिल्या आठवड्यात मी बाटलीच्या पाण्यावर स्वयंपाक केला. मी कुणाला काही बोलले नाही, कारण मी नवीन होते आणि भाडेकरू होते.

एके दिवशी सकाळी मी जिना चढून आले, तर अण्णा दारात उभे. म्हणाले, 'ड्रम आहे का?' मी म्हटलं, आहे. म्हणाले, 'उद्यापासून दाराबाहेर ठेवून जात जा.' एवढंच बोलले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मी आले, तर ड्रम भरलेला होता आणि त्यावर झाकण होतं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा रात्रपाळीवरून आले, तेव्हा ड्रम भरलेलाच असायचा. त्यांनी या गोष्टीचा पुन्हा कधी विषय काढला नाही. मी आभार मानले तर म्हणायचे, 'पाईप लावलेलाच असतो, त्यात काय.'

काकूंना वाटायचं, अण्णा पहाटे मोटार लावायला खाली जातात. काकू, ते माझा ड्रमही भरत होते.

अण्णा गोड बोलणारे नव्हते. माझा नळ ठिबकला, तेव्हा त्यांनी दार वाजवून मला सुनावलं होतं. सुनावता सुनावताच खिशातून वायसर काढून बसवून दिला. तुमच्यापैकी किती जणांच्या नळाला अण्णांचा वायसर आहे, ते तुम्हीच आठवा.

मला माझ्या कामात रोज आजारी माणसं भेटतात. न मागता कुणाला काय हवंय ते ओळखणं फार अवघड असतं, हे मला तिथे कळतं. अण्णांना ते येत होतं.

काकू, दादा, वहिनी, या मजल्यावर तुम्ही एकटे नाही. पहाटेची मोटार आता आम्ही आळीपाळीने लावणार आहोत, आणि पाटीवर वेळही लिहिणार आहोत.

अण्णांना माझा नमस्कार."

सावकाश, थांबत वाचले तर हे भाषण तीन मिनिटांच्या आत संपते. श्रद्धांजलीच्या संथ लयीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून कागदावर तीनशेपेक्षा जास्त शब्द नसावेत. आठ जण बोलणार असतील आणि प्रत्येकाने तीन मिनिटे घेतली, तर भाषणांनाच चोवीस मिनिटे लागतात. त्यावर शोकठराव, फोटोला हार, मौन आणि पसायदान. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या वृद्धांना आणि दहा दिवस धड न झोपलेल्या घरच्यांना याहून जास्त वेळ बसवू नये.

या भाषणाची बांधणी पाहा. पहिल्या परिच्छेदात बोलणारी कोण आणि मृताशी तिचा संबंध काय, हे तीन वाक्यांत उरकले आहे. प्रमुख पाहुणे, व्यासपीठ यांची लांबलचक नावे घेतली नाहीत, कारण शोकसभेत पहिला मान घरच्यांचा असतो. मधल्या भागात एकच प्रसंग आहे आणि त्यात माणसाच्या तोंडचे नेमके शब्द आहेत. अण्णांची बोलण्याची धाटणी त्यांच्या तीन छोट्या वाक्यांतूनच ऐकू येते. असे शब्द आठवत असतील तरच घालावेत. मनाने रचून मृताच्या तोंडी घालू नयेत, घरचे ते लगेच ओळखतात. 'गोड बोलणारे नव्हते' हे एक खरे वाक्य आहे म्हणून बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. शेवटी घरच्यांना दिलेला धीर 'काही लागलं तर सांगा' असा मोघम नाही. काय करणार ते ठरवून, शेजाऱ्यांशी आधी बोलून मग सांगितलेले आहे. पाळता येणार नसेल तर असे आश्वासन देऊच नये.

भाषणात 'केले, गेले' न लिहिता 'केलं, गेलं' लिहिले आहे. कागदावर ग्रंथभाषा असली की आवाज आपोआप बातमी वाचल्यासारखा होतो. आपण बोलतो तसेच लिहून काढावे.

मृताच्या नावाआधी काय लावायचे, याबाबत घरच्यांच्या रीतीप्रमाणे वागावे. आपण सवयीने 'कैलासवासी' म्हणतो, पण वारकरी घरात 'वैकुंठवासी' म्हणतात, बौद्ध घरात 'कालकथित', ख्रिस्ती घरात 'ख्रिस्तवासी' आणि मुस्लिम घरासाठी मराठीत 'पैगंबरवासी' लिहिण्याची रीत आहे. 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' हे वाक्यही सगळीकडे चालत नाही. बौद्ध धम्म आत्मा मानत नाही, त्यामुळे बौद्ध शेजाऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते खटकते. तिथे 'विनम्र अभिवादन' किंवा 'आदरांजली' म्हणावे. खात्री नसेल तर घरच्यांनी छापलेली किंवा मोबाईलवर पाठवलेली सूचना पाहावी, तेच शब्द वापरावेत. वरच्या भाषणात यांपैकी काहीच नाही. ज्या हाकेने आयुष्यभर ओळखले, ती 'अण्णा' ही हाक पुरेशी आहे.

काही वाक्ये सांत्वनाची वाटतात, पण बाहेरच्या माणसाच्या तोंडी ती बोचतात. दीर्घ आजारानंतर घरचे स्वतःच म्हणतात, "सुटले बिचारे." ते म्हणण्याचा हक्क त्यांचा असतो, कारण रात्री त्यांनी जागून काढलेल्या असतात. माईकवरून शेजाऱ्याने म्हटले, तर घरचेच सुटले असा अर्थ ऐकू येऊ शकतो. तरुण माणूस गेला असेल तर 'देवालाही चांगलीच माणसे आवडतात' हे म्हणू नये. अपघात किंवा आत्महत्या असेल तर कारणाचा उल्लेख करू नये आणि त्यातून तरुणांना उपदेशही करू नये. तिथे त्या व्यक्तीच्या जगण्यातली एक गोष्ट सांगून थांबावे. अशा सभेत भाषण जितके छोटे, तितके चांगले.

भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या शेजाऱ्यासाठी बोलायची वेळ आली तर काय करावे? पार्किंगवरून ज्यांच्याशी वर्षभर वाद झाला, त्यांना 'अजातशत्रू' म्हटले तर मागच्या रांगेत कुणीतरी हसते आणि घरच्यांची मान खाली जाते. खोटे बोलू नये आणि हिशेबही मांडू नये. प्रत्येकाच्या खात्यात एखादी खरी चांगली गोष्ट असते. दर गणपतीत ते मांडवाची वीजजोडणी स्वतः तपासत असतील, तर तेवढेच सांगावे. तापट स्वभावाचा उल्लेख घरचे स्वतः हसत हसत करत असतील, तरच आपणही करावा.

प्रत्यक्ष बोलताना बिघडण्याची दोन ठिकाणे असतात. पहिले म्हणजे आपली गोष्ट आपल्या आधीचाच वक्ता सांगून जातो. म्हणून मुख्य प्रसंग शक्यतो फक्त आपल्यालाच ठाऊक असलेला निवडावा. वायसरची गोष्ट आधी कुणी सांगितलीच, तर 'ते तुम्ही आताच ऐकलंत' म्हणून पुढे जावे. दुसरे म्हणजे गळा दाटून येणे. भाषण आदल्या दिवशी मोठ्याने दोनतीनदा वाचले, तर आवाज कुठे अडखळतो ते कळते. बहुतेक वेळा ती जागा तीच असते. वरच्या भाषणात ती 'काकू, ते माझा ड्रमही भरत होते' ही असणार. तिथले वाक्य छोटे ठेवावे आणि कागदावर त्याच्याआधी रेघ मारून थांबण्याची खूण करावी. तरीही आवाज फुटला तर माफी मागण्याची गरज नाही. थांबावे, पाणी प्यावे, मागचे वाक्य पुन्हा वाचावे. फारच अवघड वाटत असेल तर एक प्रत शेजारी बसलेल्या कुणाकडे आधीच देऊन ठेवावी, म्हणजे उरलेले त्यांना वाचता येते.

कागद मोबाईलवर नको. पडदा मध्येच बंद होतो, फोन वाजतो, आणि श्रद्धांजली वाहताना मोबाईल पाहणारा माणूस लांबून बरा दिसत नाही. मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलेला साधा कागद हातात ठेवावा. बोलताना नजर सभेच्या मध्यावर असावी. घरच्यांकडे सतत पाहिले तर त्यांनाही रडू आवरत नाही. शेवटच्या वाक्यांना मात्र त्यांच्याकडे वळावे. भाषण संपल्यावर टाळ्या नसतात. फोटोला नमस्कार करून जागेवर येऊन बसावे, 'माझे दोन शब्द संपवतो' असे म्हणण्याचीही आवश्यकता नाही.

गावाकडे नदीकाठी दशक्रियेच्या वेळी श्रद्धांजली वाहिली जाते, तिथे हे सगळे आणखी आटोपशीर हवे. उन्हात माणसे उभी असतात, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जात असते, आणि पुढाऱ्यांची भाषणे कधीकधी विधीपेक्षा लांबतात. शेजाऱ्याने तिथे एक मिनिट घ्यावे : नाव, नाते, एक गोष्ट आणि नमस्कार. बाकीची आठवण संध्याकाळी ओसरीवर बसून घरच्यांना सांगता येते, आणि ती तिथे जास्त नीट ऐकली जाते.

सभा झाल्यावर तो कागद खिशात घालून घरी नेऊ नका. खाली तारीख आणि आपले नाव लिहून घरच्यांकडे द्या. शोकसभेत घरच्यांना निम्मे ऐकूच येत नाही, आणि परगावी किंवा परदेशी असलेली लेक-मुले अनेकदा पोहोचलेलीही नसतात. महिन्याभराने, वर्षश्राद्धाला किंवा नातवंडे मोठी झाल्यावर तो कागद पुन्हा वाचला जातो. त्या वेळी त्यात 'मनमिळाऊ' असे लिहिलेले असण्यापेक्षा, पहाटे कुणाचा ड्रम भरला जात होता हे लिहिलेले असावे.